नारळ कोणाच्या हातात दिला

अन्याय झाला तो माझ्या घरमालकिणीवर. कधी, तेही सांगते. गेल्या खंडे नवमीला, सकाळची पाळी सुटायच्या आधी, जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या प्लांटमध्ये, सुपरवायझरनं तिच्या डोळ्यांदेखत पूजेचा नारळ तिच्या दिराच्या हातात दिला, तेव्हा.

नारळ दिला तर काय झालं, असं वाटेल. म्हणून आधी तिथली रीत सांगते. त्या प्लांटमध्ये ऑपरेटरला नेमणुकीचं पत्र देत नाहीत. खंडे नवमीला मशिनी पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचं तोरण बांधतात. मग सुपरवायझर ज्याच्या हातात नारळ देतो त्यानं तो मशीनसमोर फोडायचा. फोडणारा तो त्या हंगामाचा ऑपरेटर. दसऱ्यानंतर सोयाबीनचा नवा माल यायला लागतो आणि नारळ फोडणारा मशीनवर उभा राहतो. पुसायचं काम बायांचं, रांगोळीही त्यांचीच. नारळ आजवर एकाही बाईच्या हातात गेलेला नाही.

मी तिला ताई म्हणते. तिच्या घराची पुढची खोली माझ्याकडे भाड्यानं होती. मी जाफराबादकडची. बी.ए. करायला जालन्यात आले आणि संघटनेत शिरले ती तिथंच राहिले. संघटना म्हणजे फार काही नाही, एक प्रिंटर, दोन सतरंज्या आणि आम्ही चार जण. माझं काम पत्रकं लिहायचं. पत्रकाचा नियम मला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता: पहिल्या ओळीत राग, शेवटच्या ओळीत मागणी, मधे दम घ्यायला जागा ठेवायची नाही. मला ते जमलं. खरं सांगायचं तर मला तेवढंच जमत होतं.

ताई निवडणीच्या टेबलावर होती. लांब टेबल, त्यावरून बी सरकत येतं, दोन्ही बाजूंनी बाया बसून फुटकं, डागाचं, खड्याचं वेचून काढतात. टेबलावर सगळ्या बायाच. त्याच्या पलीकडे ग्रॅव्हिटी मशीन. खालून हवा येते, वरचा पाटा थरथरत असतो, त्याला उतार दिलेला असतो. भरलेलं बी चढाच्या बाजूला सरकतं, पोकळ बी हवेवर तरंगत उताराला जातं. हवा किती सोडायची नि उतार किती द्यायचा, हे मालागणिक बदलावं लागतं. ते करतो तो ऑपरेटर. टेबलावरच्या बाईपेक्षा त्याचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, बराच जास्त.

जुना ऑपरेटर लग्नसराईत, पेरणीत, कोणी वारलं की गावाकडे निघून जायचा. मग सुपरवायझर ताईला हाक मारायचा, "वैनी, जरा मशीन बघा." ती बघायची. असं कित्येक हंगाम चाललं. रोज मात्र टेबलाचाच. म्हाताऱ्या ऑपरेटरनं काम सोडलं तेव्हा तिनं सुपरवायझरला सरळ सांगितलं, "मला मशीन द्या." तो म्हणाला, "बघू, खंडे नवमी येऊ द्या."

तिचा धाकटा दीर त्याच प्लांटमध्ये हमालीला होता. मशीन कसं लावायचं ते त्याला तिनंच दाखवलं होतं. घरी जेवताना तो विचारायचा, ती ताटात चपाती तिरपी धरून उतार समजावून सांगायची. मी ते माझ्या खोलीच्या दारातून पाहिलंय.

नारळ त्याला मिळाला.

त्या दिवशी ती घरी आली, चहा केला, कप माझ्या उंबऱ्यावर ठेवला. मी विचारलं, "काय झालं ताई?"

"काय व्हायचं. रांगोळी चांगली झाली म्हणाले."

एवढंच बोलली. मी मात्र चहा घ्यायच्या आत पत्रकाची पहिली ओळ तयार केली होती.

संघटनेत आम्ही ठरवलं की एका नारळावर भांडायचं नाही, अख्ख्या प्लांटचं दाखवायचं. बाया आणि बाप्ये यांच्या रोजात सरासरी फरक किती, आणि तो कशामुळे. आम्ही पाळी सुटायच्या वेळी फाटकाबाहेरच्या टपरीवर उभे राहिलो. एकेकाला विचारलं: शिक्षण किती, किती वर्षं काम, कोणती पाळी, काय काम, रोज किती. बाप्ये चहा पीत सांगायचे. बायांना घाई असायची, त्या चालता चालता सांगायच्या. सगळं घेऊन मी एसटीनं अंबडला गेले.

अंबडला मॅडम होत्या. मला जालन्यात अर्थशास्त्र शिकवलेल्या, आता तिकडच्या कॉलेजात बदलून गेलेल्या. फरक फोडून दाखवायची रीत त्यांना येत होती. म्हणजे असं, की बाप्याच्या आणि बाईच्या सरासरी रोजातला फरक घ्यायचा आणि त्याचे दोन भाग करायचे. एक भाग, जो दोघांच्या शिक्षणातल्या, अनुभवातल्या, कामाच्या प्रकारातल्या फरकानं समजून येतो. दुसरा, जो तसा समजून येत नाही, उरतो. मी पेपरात वाचलं होतं की उरतो तो भेदभाव. माझ्या पत्रकाचं शीर्षकही तयार होतं: "उरलेला प्रत्येक रुपया भेदभावाचा."

मॅडमनी माहिती संगणकात घातली आणि आठवड्यानं मला बोलावलं. वर्ग रिकामा होता, तास संपला होता, बाकांवर कुणीतरी शेंगांची टरफलं टाकून गेलेलं. त्यांनी शीर्षक वाचलं आणि कागद उलटा ठेवला.

"हे छापू नको."

"का?"

"कारण हे खोटं आहे."

मला राग आला. मी म्हणाले, "मॅडम, तुम्ही कोणाच्या बाजूच्या आहात?"

"तुझ्याच. म्हणून तर सांगून राह्यले. दुसऱ्या बाजूची असते तर छापू दिलं असतं."

मग त्यांनी खडू घेतला. आकडे मनाचे होते, प्लांटचे नव्हते, हे त्यांनी तीनदा बजावलं. समजा, दहा बाप्ये आणि दहा बाया. मशीनवरच्या माणसाला रोज पाचशे, टेबलावरच्याला तीनशे, मग तो बाप्या असो की बाई. आठ बाप्ये मशीनवर, दोन टेबलावर. बायांत एक मशीनवर, नऊ टेबलावर.

"बाप्यांची सरासरी?"

"चारशे साठ."

"बायांची?"

"तीनशे वीस."

"फरक एकशे चाळीस. आता कामाचा प्रकार हिशेबात धर. मशीनवर बाईला आणि बाप्याला सारखंच, टेबलावरही सारखंच. मंग अख्खे एकशे चाळीस कामाच्या प्रकारानं समजले. उरलं?"

"शून्य."

"आता कामाचा प्रकार काढून टाक. फक्त शिक्षण आणि वर्षं धर, ती दोघांची सारखी आहेत असं समज. उरलं?"

"एकशे चाळीस."

"प्लांट तोच. माणसं तीच, रोज तोच. मी फक्त एक रकाना ठेवला की काढला. तुझ्या शीर्षकाप्रमाणे पहिल्या वेळी भेदभाव शून्य आणि दुसऱ्या वेळी सगळाच. कोणतं छापणार?"

चाळणीचं भोक बदललं की खाली पडणारा माल बदलतो, एवढं मला बियाण्याच्या गावात राहून कळायला हवं होतं.

"अजून एक," त्या म्हणाल्या. "समजा मशीनवरच्या त्या एका बाईला पाचशेऐवजी साडेचारशेच देतात. मंग बायांची सरासरी तीनशे पंधरा, फरक एकशे पंचेचाळीस. बाप्यांचे दर, पाचशे आणि तीनशे, धरून मोजलं तर एकशे चाळीस समजतात, उरतात पाच. बायांचे दर, साडेचारशे आणि तीनशे, धरून मोजलं तर एकशे पाच समजतात, उरतात चाळीस. दोन्ही बराबर. दोन्ही गणितात चूक न्हाई."

"मग याचा उपयोग काय?"

"उपयोग आहे. फरक कुठं बसलाय ते दिसतं. एकाच कामाला कमी देतात, की कामंच वेगळी वाटलीत, हे कळतं. तुमच्या प्लांटचं सांगू? शिक्षण, वर्षं, पाळी धरली तर फरकाचा मोठा भाग तसाच राहतो. कामाचा प्रकार धरला की जवळजवळ सगळा नाहीसा होतो. म्हणजे टेबलावर बाईला बाप्यापेक्षा कमी देतात असं दिसत न्हाई. टेबलावर बाप्या आहेच कुठं म्हणा. फरक आहे तो टेबल आणि मशीन यांच्या मधल्या चार पावलांत."

"आणि ती चार पावलं बायांना चालू देत नाहीत. हाच भेदभाव."

"असेल. पण हा हिशेब ते सांगू शकत न्हाई. बाया मशीनवर का न्हाईत? त्यांना नको होतं म्हणून, की त्यांना दिलं न्हाई म्हणून? दोन्ही प्रकारच्या प्लांटमधून हेच आकडे येतात. समजलेला भाग म्हणजे न्याय्य भाग, असं न्हाई. उरलेला भाग म्हणजे भेदभाव, असंही न्हाई. उरलेल्यात आपण न विचारलेलं काहीही असू शकतं. आणि ज्यांना फाटकातूनच परत पाठवलं, त्या बाया तर तुझ्या यादीत आल्याच न्हाईत."

"आणि ताईचं?"

"सरासरी एका बाईची साक्ष देत न्हाई. तिच्यासाठी वेगळं विचारावं लागेल. तिनं मागितलं होतं का, कोणासमोर, नियम काय होता, तो सगळ्यांना सारखा लावला का." त्यांनी फळा पुसला. "तो नारळ, खरं म्हणजे, माझ्या गणितापेक्षा कामाचा आहे."

परतीच्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली होती. कपाशीची शेतं मागं जात होती. मला वाटत होतं की कोणीतरी माझ्या हातातली काठी काढून घेतलीय आणि म्हणतंय, आता जा भांडायला. संघटनेत सांगितलं तर एकजण म्हणाला, "मॅडमला नोकरी सांभाळायची असेल." मॅडमना खोटं ठरवणारं असंच काहीतरी मला हवं होतं, म्हणूनच मला ते आवडलं नाही.

पत्रक छापलं. शीर्षक बदलून: "मशीन बाईला का नाही? नियम दाखवा." राग कमी झाला, अशी तक्रार झाली. अर्ज मात्र त्याच शब्दांत कामगार कार्यालयात गेला, खाली ताईची सही.

सही केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरात अबोला सुरू झाला. ताईच्या सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. त्यांचं म्हणणं मला भिंतीतून ऐकू यायचं, आणि ते मला ऐकू यावं म्हणूनच मोठ्यानं असायचं. "लेकराचं भलं झालं तर हिच्या पोटात दुखून राह्यलं. पैसा बाहेर गेला का? घरातच आला ना." ताईचे मिस्टर टेम्पो चालवतात, आठवड्यातले चार दिवस बाहेर. ते आले की म्हणायचे, "जाऊ दे ना, एकाच चुलीवर जेवतो आपण." दीर जेवायचा, ताट धुवायचा, निघून जायचा. आता चपाती तिरपी धरून कोणी काही विचारत नव्हतं.

प्लांटमध्ये टेबलावरच्या बायांनी तिच्या शेजारची जागा सोडली. कोणी भांडलं नाही. जेवायच्या सुट्टीत सगळ्या कडुलिंबाखाली बसायच्या आणि ती पाण्याच्या टाकीजवळ. मी एकदा फाटकातून पाहिलं. तिनं डबा उघडला, चटणी बाजूला काढली. दुसऱ्या कोणाला द्यायची सवय असावी, हात तसाच पुढे आला आणि मग परत गेला.

"तुम्हाला कोणी बोलत नाही का?" मी विचारलं.

"बोलतात ना. मागून." ती म्हणाली. "त्यांचं बी बराबर आहे. माझ्याशी बसलं तर सुपरवायझर त्यांना बी बोलावणार, की तुम्हाला बी मशीन पाहिजे का म्हणून."

"त्यांना नको आहे का?"

"कोणी विचारलंय त्यांना?"

हे मी कागदावर लिहून घेतलं. मग फाडून टाकलं. पत्रकाला चांगलं होतं, पण ती माझ्याशी बोलत होती, पत्रकाशी नव्हे.

बैठक कामगार कार्यालयात झाली. लांब खोली, मधे टेबल, भिंतीला लागून कपाटं, खिडकीत एका बाजूला चहाचे ग्लास. अधिकारी बाई होत्या, शांत, चष्मा कपाळावर ठेवायची सवय. कंपनीचे साहेब एक छापील अहवाल घेऊन आले होते. त्यांनी बाहेरून सल्लागार बोलावून तोच हिशेब केला होता, जो मॅडमनी केला होता. पान उघडून त्यांनी अधिकाऱ्यांपुढे सरकवलं.

"मॅडम, पद धरलं तर स्त्री-पुरुष वेतनात फरक जवळजवळ नाही. म्हणजे आमच्याकडे भेदभाव नाही. हे शास्त्र आहे."

हेच माझ्या शीर्षकाचं उलटं रूप होतं. मी म्हणणार होते, उरलेला सगळा भेदभाव. हे म्हणत होते, उरलंच नाही म्हणून भेदभाव नाही. चूक एकच, दोन टोकांनी केलेली. मी ती छापली असती तर त्यांनी एका वाक्यात मला बसवलं असतं.

"तुमचा आकडा बरोबर आहे," मी म्हणाले. साहेबांना हे अपेक्षित नव्हतं. संघटनेचा माझ्या शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. "एकाच पदावर सारखंच देता, हे त्यातून दिसतं. पण पद कोणाला मिळतं ते या पानावर नाही. पद धरलं म्हणता. ते पद दिलं कोणी, कसं दिलं, तेच तर आम्ही विचारतोय. ज्याची तक्रार आहे तेच हिशेबात आधीच धरून टाकलं, तर तक्रार दिसणार कुठून?"

अधिकारी बाईंनी चष्मा खाली घेतला. "ऑपरेटर नेमायचा नियम काय आहे?"

"आमच्याकडे ऑपरेटर हमालीतून घेतात. पोती उचलायची ताकद लागते. हा प्रॅक्टिकल विषय आहे."

ताई पहिल्यांदा बोलली. "साहेब, मशीनवर पोतं कोण उचलतं? एलिव्हेटरचा पट्टा माल चढवतो, खाली थैली भरणारा वेगळा आहे."

"कधी बंद पडलं तर?"

"बंद पडलं तर मेकॅनिक बोलवतात. हमाल न्हाई."

"हा नियम लेखी आहे का?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"लेखी असं नाही. रीत आहे."

"नेमणूक कोणत्या तारखेला झाली?"

साहेबांनी फाईल चाळली. फाईलमध्ये एक तारीख होती, दसऱ्यानंतरची, आणि अर्ज मागवल्याचा शेरा. ताई म्हणाली, "अर्ज कोणी मागितला न्हाई. खंडे नवमीला नारळ दिला, तेव्हाच झालं ते."

"नारळ?"

तिनं रीत सांगितली. अधिकारी बाईंनी ती लिहून घेतली, शब्दशः. 'नारळ' हा शब्द सरकारी कागदावर लिहिताना त्यांचा पेन क्षणभर थांबला, मग पुढे गेला. मला त्या क्षणी अंबडच्या मॅडमची आठवण झाली.

तेव्हा साहेबांनी शेवटचं काढलं, आणि ते खरंच समजुतीच्या सुरात काढलं. "ताई, आम्ही बाहेरचा माणूस घेतला असता तर गोष्ट वेगळी. पद तुमच्याच घरात दिलं. पगार तुमच्याच घरात येतो. तुम्हाला दुःख कशाचं?"

ताई म्हणाली, "साहेब, तुम्हाला ही नोकरी देताना विचारलं होतं का, की पगार कोणाच्या घरात जाईल? दिली तेव्हा तुम्हालाच दिली ना. मंग मला बी मलाच द्या."

खिडकीतले ग्लास चहावाला गोळा करत होता, तो तेवढा थांबला.

त्या बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. कंपनीनं ऑपरेटर नेमायची अट लेखी द्यायची. आणि ताईनं दाखवायचं की ती मशीन चालवत होती आणि तिनं पद मागितलं होतं. "कोणी पाहिलं असेल तर घेऊन या," अधिकारी बाई म्हणाल्या. "तुमच्या एकटीच्या शब्दावर मला पुढे जाता येणार नाही."

पाहणारे कितीतरी होते. टेबलावरची प्रत्येक बाई. हमालांची टोळी. जुना ऑपरेटर, जो आता तीर्थपुरीजवळ गावी राहतो. आणि घरातला दीर.

मी जुन्या ऑपरेटरकडे गेले. बाजारच्या दिवशी तो तीर्थपुरीत भेटला, मिरच्यांच्या ढिगाजवळ उकिडवा बसलेला. त्यानं सगळं कबूल केलं. "ती चालवायची ना. माझ्यापेक्षा बरी चालवायची, हवा कमी ठेवायची, बी फेकलं जात नव्हतं." मी म्हणाले, मग येऊन सांगा. तो मिरची निवडत राहिला. "पोरी, माझा पोरगा त्याच कंपनीच्या गोदामात हाय."

मी बायांकडे गेले. एकीनं दारातच चप्पल घातली, बाजारात निघाल्यासारखी. एक म्हणाली, "पाहिलं म्हणून काय झालं, मी तर खाली मान घालून निवडत होते." आणि हसली. ते हसू मला आजही नीट समजलेलं नाही. भ्यालेलं नव्हतं, नक्की.

दिराला मी विचारलं नाही. ताईनं विचारलं. ती मला म्हणाली, त्यानं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, "वैनी, मी खरं बोललो तर माझं जातं. खोटं बोलायला लावू नका, एवढंच सांगतो." तिला त्यात आशा दिसली होती, निदान तो खोटं सांगणार नाही अशी. मला नाही दिसली. यावर आमचं पहिल्यांदा वाजलं.

"तू त्याला शत्रू समजून राह्यलीस," ती म्हणाली.

"त्यानं तुमचं पद घेतलं."

"त्यानं घेतलं न्हाई, त्याला दिलं. हे तुझ्या मॅडमनंच सांगितलं ना तुला. आकड्यांचं समजतं, माणसाचं समजत न्हाई का?"

त्याच महिन्यात सासूबाईंनी मला खोली सोडायला सांगितलं. भाडं वाढवायचं कारण दिलं. मी स्टँडजवळ एका गल्लीत खोली घेतली. वर पत्रा, खाली इलेक्ट्रिकचं दुकान. संघटनेतले दोघे पुण्याला गेले, एकाला नोकरी लागली. प्रिंटर माझ्याकडे आहे. संध्याकाळी मी एकटीच चहा करते आणि दोन कप काढते, ही सवय गेली नाही. दुसरा कप धुऊन परत ठेवते.

कंपनीनं अट लेखी दिली. ती आता फाटकाच्या आतल्या फलकावर लावलीय: ऑपरेटर पदासाठी हमालीचा दोन वर्षांचा अनुभव आवश्यक. मी ती जाळीतून वाचली आणि तिथंच बसले. पूर्वी रीत होती, आता नियम झाला. हमालीला बाई घेत नाहीत. म्हणून बाईला तो अनुभव नाही. म्हणून पुढच्या वेळी कोणी सल्लागार हिशेब करेल, त्यात 'अनुभव' असा रकाना असेल, आणि बायांना मशीन का मिळालं नाही ते त्या रकान्यानं समजून जाईल. फरक समजलेल्या भागात जाईल. सगळं शास्त्रशुद्ध. मी अंबडला फोन केला. मॅडम ऐकून घेत होत्या, मग म्हणाल्या, "म्हणून तर मी तुला सांगितलं होतं. आता त्या अटीचं कामाशी नातं काय, ते विचारा. आणि साक्षीदार आणा. मी येऊन आकड्यांचं बोलेन, पण मी त्या प्लांटमध्ये उभी नव्हते."

त्या आल्याही. पुढच्या बैठकीत त्यांनी कंपनीच्या अहवालाबद्दल जे सांगायचं ते सांगितलं, साध्या शब्दांत, आणि आपला हिशेब काय सांगू शकत नाही हेही सांगितलं. साहेबांना हे दुसरं आवडलं. अधिकारी बाईंना दोन्ही पटलं. पण ताईला मशीनवर पाहिलेलं कोणी आलं नव्हतं, म्हणून फक्त पुढची तारीख मिळाली.

ताई अजून टेबलावर आहे. पाण्याच्या टाकीजवळ बसते. गेल्या आठवड्यात मी डबा घेऊन फाटकाबाहेर गेले, ती आत, मी बाहेर, मधे जाळी. दोघी जेवलो. ती म्हणाली, दीर मशीन नीट लावतो आता, हवा कमी ठेवतो. मी म्हणाले, तुम्ही शिकवलं म्हणून. ती म्हणाली, "हो, पण ते त्यानं म्हणायला पाहिजे ना."

खंडे नवमी पुन्हा येतेय. पुढची तारीख तिच्या आधी आहे.

हे वाचणाऱ्यांत त्या प्लांटमध्ये काम केलेलं कोणीतरी असेलच. जालना लहान आहे. तुम्ही टेबलावर मान खाली घालून बसला असाल, तरी मशीनचा आवाज ऐकला असेल, आणि मान वर केल्यावर तिथं कोण उभं होतं ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या नोकरीची भीती मी खोटी म्हणत नाही. पण पहिला माणूस बोलेपर्यंतच ती एवढी मोठी असते. आणि तुम्ही तिथले नसाल, तर तुमच्या शाळेत, दवाखान्यात, सूतगिरणीत, बँकेत कोणीतरी 'पद धरलं तर फरक नाही' असं पान पुढे सरकवलं, तर मान डोलवू नका. ते पद कोणी दिलं आणि कोणाला विचारलंच नाही, ते तिथल्या तिथे विचारा.

ज्यांनी तिला मशीनवर पाहिलंय, त्यांनी तारखेला कामगार कार्यालयात या आणि पाहिलंय ते सांगा.